शब्द आपले, माहिती कोणाची?

सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले आज कापडाच्या मिलांत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. नियुक्तिपत्रासोबत समाजमाध्यमांविषयीची नियमावलीही त्यांच्या हाती पडते आणि बहुधा न वाचताच तिच्यावर सही होते. तिचा अर्थ एका उदाहरणाने सांगावा, असे आम्हांस वाटले.

आमचा एक माजी विद्यार्थी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइने काढतो. फेसबुकवर टाकावयाचा मजकूर त्याने आम्हांस दाखविला. त्यात दिवाळीसाठी काढलेल्या, अद्याप बाजारात न आलेल्या साडीचे छायाचित्र होते. ‘कोलकात्याच्या मोठ्या पार्टीने पाच हजार नग घेतले’ असे वाक्य होते. शेवटी कापडावरील कराविषयी सरकारवर टीका होती आणि खाली मिलचे नाव व स्वतःचा हुद्दा होता.

“सर, डिझाइन तर माझ्याच हातचे आहे ना?” त्याने विचारले. हात त्याचा खरा. परंतु 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या कामात काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. शिवाय 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीस नावीन्य लागते. अर्जापूर्वीच चित्र जगजाहीर झाले तर ती नोंदणी अडचणीत येऊ शकते. मिलने स्वतः प्रसिद्ध केलेले छायाचित्र पुढे पाठविण्यास मात्र सहसा हरकत नसते.

पार्टीचे नाव त्याने गाळले होते. पण गाव आणि नगांची संख्या वाचून बाजारातील जाणता माणूस ते सहज ओळखील. नाव झाकले तरी खूण उरते, आणि नियमावली खुणेसही मनाई करते.

कराविषयीचे मत सामान्यतः नागरिक म्हणून त्याला मांडता येते. मात्र मिलचे नाव व हुद्दा जोडला की ते मिलचे मत भासते. ‘ही मते माझी वैयक्तिक’ असे लिहिल्याने एवढा गैरसमज टळतो, फुटलेले गुपित परत येत नाही. आम्हां सरकारी नोकरांस वर्तणूक नियमांमुळे सरकारी धोरणावरील टीकेचेही बंधन असते. महाराष्ट्र शासनाने जुलै 2025 मध्ये ते समाजमाध्यमांपुरते स्पष्ट केले. तथापि सरकारी नोकरी पत्करल्याने भाषणस्वातंत्र्य संपत नाही, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे.

नियमावलीलाही सीमा आहे. पगार थकला, तर कामगार खात्याकडे तक्रार करण्यास ती अडवू शकत नाही. ती तक्रार मात्र तेथेच करावी. फेसबुकवर केल्यास पगार तर मिळत नाहीच, उलट मालकास कारवाईचे निमित्त मिळते.

अखेर त्याने दोन मजकूर केले. एकात आपला हुद्दा आणि मिलने गतवर्षी प्रसिद्ध केलेली साडी. दुसऱ्यात, मिलचा उल्लेख न करता, कराविषयीचे मत. कोलकात्याचे वाक्य त्याने खोडून टाकले.