भाईजानांच्या टबाचे बूच

भाईजान जेद्दाहला असतात. वसमतला त्यांनी बांधलेल्या घराच्या चाव्या आमच्याकडे आहेत. त्या घरात वरच्या मजल्यावर बाथटब आहे. तिकडे राहून सवय झाली म्हणून हौसेने बसवलेला. पण नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी आठव्या, अशा गावात टबात कोण न्हाणार? गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याचा सरळ हौद करून टाकला. बूच लावले, बोअरचे पाणी भरले आणि वर प्लायवूडची फळी ठेवली. पाणी कमी झाले की पुन्हा भर घालायची. असे तीन महिने चालले.

जुलैमध्ये शेजारच्या घरातला मुलगा डेंग्यूने दवाखान्यात गेला. दोन दिवसांनी आशाताई घरोघरी भांडी तपासत आल्या. त्यांनी फळी उचलून टॉर्च मारला, तर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. फळी एका कोपऱ्यात बोटभर उघडी राहिली होती. डासाला तेवढी जागा पुष्कळ झाली. ताई म्हणाल्या, "सर, नुसतं पाणी काढून भागणार नाही. अंडी कडेला चिकटून असतात, कोरड्यातही महिनोन् महिने जगतात. पूर्ण रिकामा करा, घासा, वाळवा." आमची मान खाली गेली. वर्गात कोरडा दिवस पाळायला आम्हीच सांगतो.

बूच काही निघेना. वरची गोल मूठ धरून ओढली, पकडीने ओढली, मुठीवर ओरखडे तेवढे पडले. अम्मी म्हणाल्या, "पाण्याने दाबून धरलं असेल." हिशेब करून पाहिला. बूच सुमारे ५ सेंटिमीटर रुंद आणि त्यावर वीतभर पाणी. म्हणजे भार जेमतेम ४०० ग्रॅम. तेवढा तर लहान मूलही उचलेल. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड असते. ते सुकते तिथे पांढरा क्षार धरतो, त्यात साबण आणि केस मिसळले की सिमेंटच. तेच बुचाला धरून बसले होते.

प्लंबर आला, दोनदा हिसका देऊन म्हणाला, "सर, वेस्ट काढायची तर खालून फरशी फोडावी लागेल. नाहीतर आधी अ‍ॅसिड टाकून बघू." दोन्हीला आम्ही नकार दिला. फरशी भाईजानांची अमानत. अ‍ॅसिडचे कारण वेगळे होते. त्या पाण्यात मे महिन्यात आम्ही ब्लीचिंग पावडर टाकली होती. तिच्यावर अ‍ॅसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि वरच्या मजल्यावरच्या बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. शिवाय अ‍ॅसिडने बुचाची चमक आणि आतले पितळ दोन्ही खाल्ले जाते.

मग आम्ही दोघांनीच बाह्या सरसावल्या. मग्याने, शेवटी फडक्याने पाणी काढले. ते गटारीत न ओतता अंगणातल्या कोरड्या मातीवर ओतले, म्हणजे अळ्या मरतात. मग टबात स्वच्छ पाणी टाकून दोनदा फडक्याने टिपले. ब्लीचिंगचा अंश राहू नये म्हणून हे करावेच लागते, कारण पुढे वापरायचा सिरका हेही आम्लच आहे. बूच कोरडे केले, सिरक्यात भिजवलेले फडके त्याच्या कडेने गुंडाळले आणि दोन तास खिडकी उघडी ठेवून दिली. ओले बूच असेल तर सिरका पातळ होऊन काम करत नाही. आणि रात्रभर ठेवला तर धातूवर डाग पडतात.

आता फसलो ते इथे. खालच्या बेसिनचे बूच आम्ही पूर्वी काढले होते. त्याची टोपी आट्यांवर बसते. ती उघड्या स्थितीत वर आलेली असताना खालचा दांडा एका हाताने धरायचा आणि टोपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची, की सुटते. हेच इथे करू लागलो. मूठ फिरली, दहा वेळा फिरली, पण केसभरही वर येईना. आटे असते तर एकेका फेऱ्याला थोडी तरी उचलली असती. नुसती जागच्या जागी फिरते याचा अर्थ ती आट्यांवर नाही, कुठेतरी लपलेल्या स्क्रूने दांड्याला धरलेली आहे. हे लक्षात यायला अर्धा तास गेला. तोवर जोर वाढवत राहिलो असतो तर खालची आडवी पट्टी मोडली असती, आणि मग फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती पट्टी म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला अधिकचिन्हासारखा आडवा आधार. दांडा त्याच्या मधोमध रोवलेला असतो.

मोबाईलचा टॉर्च मुठीच्या बाजूने आडवा धरला आणि जुन्या टूथब्रशने घासत मूठ फिरवत गेलो. भिंतीकडच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. टाचणीने टोकरल्यावर क्षाराचा खडा निघाला आणि खाली सहा कोनांचे बारीक भोक. सायकलच्या दुकानातून एलन चाव्यांचा संच मागून आणला. सर्वांत बारीक चावी सैल झाली, तिच्यावरची घट्ट बसली. सैल चावीने जोर केला तर कोन झिजतात आणि मग स्क्रू कायमचा जातो. म्हणून बसेल तीच चावी घ्यायची. स्क्रू दोन-तीन फेरेच सैल केला. पूर्ण काढला तर तो कुठे पडेल सांगता येत नाही.

मग मूठ डावी-उजवी हलवत वर उचलली. पहिल्यांदा रबराच्या कडेने 'कट' असा आवाज आला, आणि अख्खे बूच हातात! दांडा मात्र उभाच राहिला. त्याच्या डोक्यावर एक आडवी खाच होती. तिच्यात चपटा पेचकस बसवून उलटा फिरवला, चार-पाच फेऱ्यांत तोही आला. आडव्या पट्टीवर केसांचा आणि क्षाराचा बोटभर गठ्ठा बसलेला होता. तो चिमट्याने काढला, तसा नळीतून हवेचा सुस्कारा आला आणि फडक्यातून निथळलेले पाणी खळखळत गेले.

टब साबणाने घासला, ब्रशने कडा खरवडल्या आणि दोन दिवस खिडकी उघडी ठेवून वाळवला. बुचाच्या रबराला भेगा पडल्या होत्या. हार्डवेअरच्या दुकानातून मापाचे रबर आणले. दांड्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावले. घरात व्हॅसलीन होते, पण ते रबराला फुगवते. परत बसवताना दांडा हाताने बसेल तेवढाच घट्ट केला.

भाईजानांना व्हिडिओवर टब दाखवला तेव्हा ते मुठीवरचे ओरखडे पाहून हसले. म्हणाले, "त्या भोकात बसायची चावी पेटीतच होती ना? मी कपाटात ठेवली होती." कपाटात पाहिले, होती. ती आता दोऱ्याने टबाच्या नळाला बांधून ठेवली आहे. पाणी साठवायला आम्ही झाकणाचा ड्रम आणला आहे, आणि टबाचे बूच दर शुक्रवारी जुम्मापूर्वी काढून उलटे ठेवतो. शेजारचा मुलगा बरा होऊन शाळेत येऊ लागला आहे.