काकांचा अंगठा

जुनं पुस्तक कसं पारखावं, हे मला पुण्यातल्या एका बाइंडरकाकांनी शिकवलं. तोवर पान पिवळं आणि वास कुबट म्हणजे पुस्तक दुर्मीळ, एवढीच माझी समज.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी त्यांच्याकडे बांधायला नेला, तेव्हा सुरुवातीची पानं गेलेली होती आणि कुणीतरी पेन्सिलीने १८५७ लिहून ठेवलं होतं. मी तो आकडा कौतुकाने दाखवला. काका म्हणाले, "हा कोश आला १८३१ला. वाढवून दुसरी आवृत्ती निघाली ती १८५७ला. पुढे पुण्यात शुभदा-सारस्वतने त्याच दुसऱ्या आवृत्तीचे फोटो घेऊन पुन्हा छापला. अक्षर तेच, पानाचे आकडेही तेच. मग मजकुरावरून काय कळणार?"

त्यांनी एक पान उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. खिळ्यांनी छापताना कागदावर दाब बसतो. पाठीमागे बारीक खडबड लागते, दिव्याकडे तिरपं धरलं तर उठावही दिसतो. ऑफसेटचं पान सपाट असतं. माझं सपाटच होतं. पण नव्याने बांधताना पुस्तक शिकंज्यात दाबलं गेलं असेल, तर जुन्या पानाचाही उठाव बसून जातो. म्हणून काका तेवढ्यावर थांबले नाहीत.

त्यांनी फर्मे पाहिले. जुने छापखाने प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक खूण छापत, म्हणजे बांधणाऱ्याचा क्रम चुकत नसे. फोटोत ती खूणही येते. मात्र नवा छापखाना कागदाच्या घड्या आपल्या सोयीने घालतो. माझ्या प्रतीत खूण एका पानावर होती आणि घडी भलत्याच ठिकाणी सुरू होत होती. शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला, तर कागद निळसर चमकला. १८५७च्या कागदात चमक आणणारं रसायन नसायचं. "चमकला तर नवा," काका म्हणाले. "नाही चमकला म्हणून जुना ठरत नाही."

प्रत फोटोवरून छापलेली निघाली. त्यांनी ती नीट बांधून दिली आणि रोज वापरायला सांगितलं.

पुढे रद्दीत तशीच बिनशीर्षकाची प्रत हाती आली. अंगठ्याला दाब लागला, खुणा घड्यांशी जुळल्या, दोरा प्रत्येक फर्म्याच्या मधोमध निघाला. मी हरखून ती काकांकडे नेली. त्यांनी शांतपणे पानं मोजली. मध्ये एक अख्खा फर्मा गायब होता. "अस्सल आहे, पण अपुरी. संग्राहक याला पूर्ण प्रतीचा भाव देणार नाही," म्हणाले. मी जीर्ण कातडी काढून नवं रेक्झिन चढवायला सांगितलं, त्याला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पैसे मिळत असताना. सुटलेला पुठ्ठा तेवढा फितीने बांधून दिला.