गरम आमटीची वाटी आणि कोयनेचा भूकंप

महाविद्यालयात भूशास्त्र शिकवताना मी दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला दहा मिनिटांचं सादरीकरण करायला लावते. बहुतेकांची तयारी एकाच पद्धतीनं सुरू होते. आधी स्लाइड उघडायची, पुस्तकातली वाक्यं तिच्यावर उतरवायची आणि वर्गात तीच वाचून दाखवायची. समोरची मुलं तोवर मनातल्या मनात ती वाचून मोकळी झालेली असतात. मला जास्त काळजी वाटते ती वाचणाऱ्याची, कारण वाक्य पडद्यावर असलं की ते आपल्याला समजलेलं नाही याचा त्याला पत्ताच लागत नाही.

एका विद्यार्थिनीनं ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप हा विषय घेतला होता. ती स्लाइड दाखवायला आली तेव्हा मी लॅपटॉप मिटायला लावला, हातात कोरा कागद दिला आणि म्हटलं, "धरणामुळे भूकंप कसा होतो, एवढंच लिही." तिनं लिहिलं: 'धरणात पाणी साठलं, त्यामुळे जमिनीवर वजन आलं, त्यामुळे भूकंप झाला.'

दोन्ही 'त्यामुळे'भोवती मी तिलाच गोल करायला सांगितलं. न समजलेला भाग नेहमी या शब्दाआड लपलेला असतो. प्रत्येक गोलाखाली 'कसं?' याचं उत्तर लिहायचं, आणि लिहिता आलं नाही तर तेवढंच वाचायला परत पुस्तकाकडे जायचं. माझ्या मते तयारीतलं खरं काम हे आहे आणि निम्म्याहून जास्त वेळ त्यालाच द्यावा.

दुसऱ्या गोलाखाली ती अडली. मग आम्ही साधा हिशेब केला. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दहापट असतो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेपटीच्या आसपास असतो. म्हणजे पाण्याच्या वजनानं एक टक्काही भर पडली नाही. शिवाय वजन तर पाणी भरताक्षणी येतं. कोयनेत पाणी साठायला लागलं १९६२च्या सुमारास. लहान धक्के त्यानंतर लवकरच जाणवू लागले, पण मोठा भूकंप पाच वर्षांनी झाला. हा उशीर का, याचं उत्तर 'वजन' या शब्दात नव्हतं.

दोन दिवसांनी ती आली ती स्वयंपाकघरातला दाखला घेऊन. ओल्या ताटात गरम आमटीची वाटी ठेवली की कधीकधी ती आपोआप सरकते. बुडाच्या पोकळीत अडकलेली हवा तापते, फुगते आणि वाटीचा थोडा भार स्वतःवर घेते. वाटी तेवढ्याच वजनाची राहते, पण ताटावरचा तिचा रेटा कमी होतो आणि घर्षण सुटतं. जमिनीखालच्या भ्रंशातही खडकाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. फटींतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते. जलाशयाचा दाब भेगाभेगांतून खोलवर पोचायला महिने, वर्षं लागतात, आणि म्हणून उशीर.

मी विचारलं, "पण हा वाढलेला दाबही थोडाच ना?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मग भ्रंश आधीच सुटायच्या बेतात असला पाहिजे." भ्रंशावरचा ताण भूगर्भातल्या हालचालींनी पूर्वीच साठवलेला होता आणि पाण्यानं फक्त शेवटचा धक्का दिला. त्या क्षणी तिला विषय समजला होता. स्लाइड मात्र अजून एकही तयार नव्हती.

त्यानंतर तिनं घड्याळ लावून आजीला सगळं बोलून दाखवलं. पहिल्या खेपेला सतरा मिनिटं लागली. भराभर बोलून ती दहावर आणायची नसतात, एखादा भाग काढून टाकायचा असतो. तिनं धरणाच्या बांधकामाचा इतिहास काढला, कारण तिच्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती. आजी जिथे 'म्हणजे काय गं?' म्हणाली तिथली वाक्यं बदलली. आठ-नऊ मिनिटांत बसेल एवढंच ठेवलं, कारण वर्गात एखादं चित्र काढायला किंवा थांबायला वेळ लागतोच.

स्लाइड शेवटी झाल्या, चारच: जागेचा नकाशा, पाण्याची पातळी आणि धक्के यांचा आलेख, भ्रंशाचं चित्र आणि दाबाचा हिशेब. तोंडानं सांगता येत नाही तेवढंच पडद्यावर. वाटी तिनं फळ्यावर काढली.

वर्गात एकानं विचारलं, "मग प्रत्येक धरणाखाली भूकंप का होत नाही?" हे तिच्या कोणत्याही स्लाइडवर नव्हतं. फळ्यावरच्या वाटीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "कारण बहुतेक धरणांखाली सुटायच्या बेतात आलेला भ्रंशच नसतो."