झोप पाहून अंथरूण

निद्रानाशावरचा उपदेश आपल्याकडे मुबलक मिळतो. रात्री कोमट दूध प्यावे, सायंकाळनंतर चहा टाळावा, मोबाइल दूर ठेवावा, खोलीत अंधार करावा, लवकर अंथरुणावर पडावे. यांतील बहुतेक सूचना चुकीच्या नाहीत. तरीही ज्याची झोप महिनोन्‌महिने हरवलेली असते, त्याच्या पदरात त्या फारसे काही टाकत नाहीत. असे का व्हावे?

पेणमध्ये आमच्या आळीत गणेशमूर्ती रंगवणारे एक काका राहतात. श्रावणात गणपतीच्या कारखान्यांतले दिवे मध्यरात्रीनंतरही जळत असतात. डोळ्यांची आखणी हे काकांचे काम, त्यामुळे अखेरचे काही आठवडे त्यांना पुरेशी झोप मिळत नसे. एका वर्षी चतुर्थी सरली, मूर्ती घरोघरी गेल्या, जागरणाचे कारण संपले. पण झोप परतली नाही. दिवाळी गेली, माघही उजाडला. हितचिंतकांनी सांगितलेला प्रत्येक नियम काका पाळत होते. बुडालेली झोप भरून काढावी म्हणून रात्री साडेनऊलाच आडवे होत, सकाळी साडेसहाला उठत आणि दुपारी वामकुक्षीही घेत.

आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची कारणे तीन गटांत मांडली आहेत: मुळातली प्रवृत्ती, सुरुवात करून देणारा प्रसंग आणि त्रास टिकवून धरणाऱ्या सवयी. काकांच्या बाबतीत प्रसंग केव्हाच संपला होता. उरल्या होत्या त्या सवयी. नऊ तास अंथरुणात आणि झोप मात्र साडेपाच तासांची! उरलेले साडेतीन तास कूस बदलण्यात आणि घड्याळ पाहण्यात जात. रोज असे घडले की अंथरूण हीच जागे राहण्याची जागा होऊन बसते. त्यात दुपारच्या डुलकीने रात्रीची झोपेची भूक मारली जाते.

दूध आणि अंधार या सवयींना स्पर्शच करत नाहीत. ‘लवकर पडा’ हा सल्ला तर त्यांना खतपाणी घालतो. निद्रानाशावरील अनेक वैद्यकीय चाचण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला नेमके हेच सर्वसाधारण नियम दिले जातात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मग आधी काय धरावे? तीनच गोष्टी. पहिली, उठण्याची वेळ एकच ठेवावी. रात्र कशीही गेली तरी, आणि रविवारीही. दुसरी, अंथरुणातला काळ प्रत्यक्ष झोपेइतकाच करावा. काकांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवडे झोपेची नोंद ठेवली. सरासरी साडेपाच तास निघाली. म्हणून उठणे सहाला आणि पडणे रात्री साडेबाराला ठरले. दुपारची झोप बंद. झोप याहून कमी भरली, तरी हा काळ पाच तासांखाली नेत नाहीत. तिसरी, डोळे मिटू लागल्याशिवाय पडू नये आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठावे. ज्यांचे अंथरूण जमिनीवर असते त्यांना हे सोपे आहे: वळकटी करून ठेवावी, पडवीत मंद दिव्याखाली बसावे आणि पेंग आली की पुन्हा अंथरूण पसरावे. त्या वेळी घड्याळ मात्र पाहू नये.

पहिले दहा दिवस काकांना जड गेले. दिवसा डोळे मिटत. पण ती साठलेली झोपच पुढे उपयोगी पडली. तिसऱ्या आठवड्यात साडेपाच तासांतले पाच तास ते झोपू लागले. अंथरुणातल्या वेळेपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के वेळ आठवडाभर झोपेत गेला, तर पडण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, असा हिशेब असतो. असे करत दोन महिन्यांच्या अखेरीस ते साडेअकराला पडून सहाला उठू लागले. मधूनच एखादी रात्र आजही बिघडते. तिची भरपाई ते दुसऱ्या दिवशी करत नाहीत.

मात्र हा उपाय सरसकट नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलून काम करणाऱ्याला उठण्याची एकच वेळ पाळता येत नाही. त्याच्या शरीराचे घड्याळ बदलत्या पाळीशी सहज जुळत नाही. त्याचा विचार डॉक्टरांनी वेगळा करावा लागतो. यंत्रावर काम करणाऱ्याने वा वाहन चालवणाऱ्याने झोपेचे तास स्वतःच कमी करणे धोक्याचे आहे. अपस्मार किंवा उन्मादाचे झटके येत असतील, तर कमी झोपेने ते वाढू शकतात. कोणी मोठ्याने घोरत असेल आणि मध्येच त्याचा श्वास अडत असेल, तर दुखणे निराळे आहे. झोपेच्या गोळ्या चालू असल्यास त्या अचानक थांबवू नयेत.

आपली म्हण अंथरूण पाहून पाय पसरायला सांगते. जुनाट निद्रानाशात झोप पाहून अंथरूण पसरावे लागते. हे जमल्यावर दूध प्यायचे की नाही, ते खुशाल ठरवावे.