स्पर्शिकेचं काय?

आमची भाची यंदा बारावीला आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, परावर्तनाची सिद्धता पाठ झाली. पण त्यात एक ओळ आहे, 'ब मधून स्पर्शिका काढा'. का काढायची? क्लासमध्ये सांगितलं की तशीच असते, लिहून टाका." प्रश्न रास्त आहे. सगळी सिद्धता त्या एका ओळीवर उभी आहे आणि नेमकी तीच ओळ कुणी समजावत नाही. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहावं.

मूळ कल्पना हायगेन्सची. त्याचं प्रकाशावरचं पुस्तक १६९० साली छापलं गेलं. तो म्हणतो, प्रकाशाची लाट जिथे जिथे पोचते, तो प्रत्येक बिंदू स्वतःची एक छोटी गोल लाट सोडतो. या सगळ्या छोट्या लाटांना मिळून जी एक रेषा स्पर्श करते, ते पुढचं तरंगाग्र.

आता कागद घ्या. आडवी रेषा म्हणजे आरसा. त्यावर १० सेंमी अंतरावर अ आणि ब हे बिंदू. डावीकडून तिरकी लाट येतेय. तिचं एक टोक अ ला टेकलं तेव्हा दुसरं टोक क वर, हवेतच आहे. तिथून ब पर्यंत त्याला अजून ६ सेंमी जायचंय. तरंगाग्र किरणाला लंब असतं, म्हणून क पाशी काटकोन, आणि अक झाली ८ सेंमी.

क वरचं टोक ब ला पोचेपर्यंत अ मधून निघालेली गोल लाटही ६ सेंमी पसरते, कारण हवा तीच, वेग तोच. कर्कटकात ६ सेंमी घेऊन अ भोवती वरच्या बाजूला कंस काढा आणि ब मधून त्याला स्पर्शिका काढा. ती ड ला टेकेल. त्रिज्या स्पर्शिकेला लंब, म्हणून ड पाशीही काटकोन. दोन्ही त्रिकोणांचा कर्ण अब एकच, आणि अड = कब = ६. कर्ण-भुजा कसोटीने त्रिकोण एकरूप. म्हणजे येणारं आणि जाणारं तरंगाग्र आरशाशी सारखाच कोन करतात, दोन्हीकडे साधारण ३७ अंश. किरण तरंगाग्राला लंब आणि स्तंभिका आरशाला लंब, त्यामुळे किरण आणि स्तंभिका यांच्यातला कोनही तेवढाच. झालं, आपतन कोन = परावर्तन कोन.

इथे पुस्तक थांबतं. पण ही रेषा आपण फक्त अ ची लाट बघून काढली. मधल्या हजारो बिंदूंच्या लाटांनी ती मान्य करायला नको का?

अब चा मध्य म घ्या. मूळ लाट तिथे निम्म्या वेळाने, म्हणजे ३ सेंमी चालून पोचली. त्यामुळे म च्या लाटेला पसरायला उरले फक्त ३ सेंमी. ब मधून या छोट्या कंसाला स्पर्शिका काढली की त्रिकोणाच्या बाजू येतात ३, ४, ५. मोठ्या त्रिकोणाच्या होत्या ६, ८, १०. समरूप! ब पाशी कोन तोच, म्हणजे स्पर्शिकाही तीच. कुठलाही बिंदू घ्या, त्याची त्रिज्या ब पासूनच्या अंतराच्या ०.६ पट येते, आणि सगळे कंस एकाच रेषेला टेकतात. भाचीच्या 'का' चं उत्तर हे.

म्हणजे सिद्धतेत दोन वेगळी कामं आहेत. समरूपतेमुळे परतणारी लाट सरळ राहते. कोन समान येतो तो मात्र वेग समान असल्यामुळे. पटत नसेल तर आरशाच्या जागी पाणी ठेवा आणि आत शिरणारी लाट काढा. पाण्यात वेग सुमारे पाऊणपट, म्हणून खाली काढायच्या कंसाची त्रिज्या ४.५. मधल्या बिंदूची २.२५. सगळे कंस अजूनही एकाच रेषेला टेकतात, पण कोन होतो साधारण २७ अंश. समरूपता टिकली, समानता गेली. हेच अपवर्तन.

आणि भिंत आरसा का नाही? कारण हे सगळे बिंदू एका रेषेत आहेत असं आपण धरलं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. भिंतीचे उंचवटे त्याहून कितीतरी मोठे, त्यामुळे कुठली लाट आधी निघते, कुठली नंतर, आणि सगळ्यांना टेकणारी एक रेषा सापडतच नाही.

तिला सांगितलंय, मधे तीन-चार बिंदू घे आणि स्वतः कंस काढून बघ. एखादा कंस रेषेला टेकला नाही, तर बहुतेक त्याची त्रिज्या अ पासूनच्या अंतरावरून काढलेली असणार. ती ब पासून मोजायची. तुम्हीही काढून बघा, कागद आणि कर्कटक पुरे.