कागद आमचे, कुलूप त्यांचे

"कागदपत्रं आमच्याकडे सुरक्षित आहेत, काळजी करू नका." हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं. आमचेच कागद, त्यांच्याच कपाटात, आणि वर दिलासाही आम्हालाच!

पुतणीने बारावीनंतर पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात बी.टेक.ला प्रवेश घेतला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला बरा भाव मिळाला होता, त्यातून भावाने पहिला हप्ता भरला. मग कृषीच्या फेरीत तिला हवी ती जागा लागली आणि सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर तिने प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला. इथवर काहीच वावगं नव्हतं.

गाडं अडलं ते विद्यापीठाने ठेवून घेतलेले मूळ कागद परत मागताना, 'नो ड्यूज'च्या कागदावर. त्यावर ग्रंथालयाची सही हवी, वसतिगृहाची हवी आणि शेवटी लेखा विभागाची. लेखा विभाग म्हणे, दुसरा हप्ता बाकी आहे, तो भरा मग सही. जे शिकायचंच नाही त्याचा हप्ता कसला? तर म्हणे माहितीपुस्तिकेत लिहिलंय. सही नाही म्हणून कागद नाहीत आणि हप्ता नाही म्हणून सही नाही.

गुणपत्रकाचं एक वेळ भागलं असतं, ते डिजिलॉकरवर मिळतं. खरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची. तो मूळ एकच. "दाखला हरवला म्हणून पोलिसांत तक्रार द्या आणि शाळेतून दुसरा काढा," असा सल्ला ओतूरच्या एका पाहुण्यांनी दिला. म्हणजे कपाटात डोळ्यांसमोर असलेला कागद हरवला म्हणून पोरीने प्रतिज्ञापत्र करायचं. भाऊ त्यालाही तयार झाला होता. मी नको म्हटलं.

ऑक्टोबर २०१८ मधली विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिसूचना तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासायचे, स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या आणि मूळ तिथल्या तिथे परत द्यायचे, असं त्यात स्पष्ट आहे. खाजगी विद्यापीठंही त्यातून सुटत नाहीत. म्हणजे परत द्यायचे की नाही हा प्रश्न पुढचा. ते ठेवून घ्यायलाच नको होते. शिवाय २०२४-२५ साठी आयोगाने वेगळं कळवलं होतं, की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर हजार रुपये कापायचे.

पण फी आणि कागद एका अर्जात घातले की विद्यापीठ फीवर वाद घालत बसतं आणि कागद त्या वादात ओलीस राहतात. फीचा हिशोब तारखेवर बदलतो, कागदांच्या हक्काला तारीख नसते. म्हणून पुतणीने दोन वेगळे अर्ज केले. दोन्हींवर आवक क्रमांक घेतला. खिडकीवरचं तोंडी 'नाही' कुणालाच दाखवता येत नाही, म्हणून नकार ईमेलवर मागितला. तो आला, आणि तोच ईमेल पुढे उपयोगी पडला. विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीला अर्ज गेला, आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तो ईमेल जोडून तक्रार गेली. २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. आमच्याकडे तेवढा वेळ कुठे होता? नव्या कॉलेजने हमीपत्रावर मुदत दिली म्हणून निभावलं.

समितीचं उत्तर यायच्या आधीच विद्यापीठातून फोन आला, कागद घेऊन जा. गेलो तर समोर एक छापील पत्र ठेवलं: 'माझी फीबाबत कोणतीही मागणी उरलेली नाही, खाली सही.' मला आजही सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. कायद्याने द्यायचंच होतं ते देतानाही सौदा! पुतणीने पेन घेतलं आणि पोच स्वतःच्या हाताने लिहिली: मूळ कागदपत्रे मिळाली, फी परताव्याचा हक्क राखून. बराच वेळ आत-बाहेर चाललं. शेवटी फाइल पुढे सरकली. तिने दाखला, गुणपत्रकं, जातीचा दाखला तिथेच उलटसुलट करून पाहिले, मगच आम्ही निघालो.

आता गावात कुणाचं पोर प्रवेशाला निघालं की मी सांगतो, मूळ कागद नुसते दाखवा, हातातून सोडू नका. खिडकीपाशी पोरं नाही म्हणू शकत नाहीत, हेही मला कळतं. निदान काय काय दिलं त्याची यादी करून शिक्क्यासकट पोच तरी घ्या.

भावाला मी हप्ता भरू दिला नाही, याचा मला अभिमान आहे. पण नव्या कॉलेजने मुदत दिली नसती तर? तेव्हा मीच म्हणालो असतो, भर बाबा आणि सोडव. तत्त्वासाठी पोरीचं वर्ष घालवणाऱ्यांतला मी नाही. फीचे पैसे अजून आलेले नाहीत. भाऊ म्हणतो, सोडून दे. पुतणी म्हणते, काका, लोकपालाकडे जाऊ. मला दोघांचंही पटतं.