बारा लाखांच्या उंबरठ्यावरचा पगार

पगार पंधरा टक्क्यांच्या टप्प्यात गेला की सगळ्या उत्पन्नावर पंधरा टक्के कर बसतो, ही समजूत नोकरदारांत खोलवर रुजलेली असली, तरी वस्तुतः टप्प्याचा दर त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेपुरताच लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी, नव्या करप्रणालीत, रत्नागिरीतील एखाद्या प्राध्यापकाचा वर्षाचा एकूण पगार १३,१०,००० रुपये आहे आणि त्याला दुसरे उत्पन्न नाही, असे धरल्यास हे नीट दिसते.

पहिली पायरी प्रमाणित वजावटीची, म्हणजे ज्यासाठी खर्चाची पावती द्यावी लागत नाही अशा ठरावीक वजावटीची. ती ७५,००० रुपये असून करातून नव्हे, तर पगारातून वजा होते. त्यामुळे करपात्र उत्पन्न १२,३५,००० उरते. महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० याप्रमाणे पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मात्र या प्रणालीत वजा करता येत नाही, आणि जुन्या सवयीने तो वजा केला की करपात्र उत्पन्नच २,५०० रुपयांनी चुकते.

आता टप्पे. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,००० आणि बारा लाखांवरच्या ३५,००० रुपयांवर पंधरा टक्क्यांनी ५,२५०, असे मिळून ६५,२५० होतात.

खरी अडचण इथे आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७-अ खालील सूट ६०,००० रुपयांपर्यंतचा सगळा कर पुसून टाकते, पण मर्यादा ओलांडताच ती सूट पूर्ण जाते. म्हणजे ३५,००० रुपये जास्त मिळवणाऱ्याने ६५,२५० भरायचे, असा उघड अन्याय झाला असता. तो टाळण्यासाठी कायद्याने सीमांत सवलत ठेवली आहे: बारा लाखांवर जेवढे उत्पन्न, त्याहून अधिक कर घ्यायचा नाही. म्हणून कर ३५,००० वर थांबतो, आणि त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकराचे १,४०० मिळवून देय रक्कम ३६,४०० होते. उपकर आधी आणि सवलत नंतर, असा क्रम उलटवला तर उत्तर चुकते. तरीही हा प्राध्यापक नेमक्या बारा लाख करपात्र उत्पन्नाच्या सहकाऱ्यापेक्षा १,४०० रुपयांनी मागेच राहतो, कारण सवलत उपकराला लागू होत नाही. अन्याय कमी झाला, पूर्ण मिटला नाही.

करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ झाले की टप्प्यांचा कर आणि बारा लाखांवरची रक्कम सारखी होते, आणि त्यापुढे सीमांत सवलत उरत नाही. अशा पगाराचा फॉर्म १६ हाती आला की त्यातील देय कर उपकरासह ३६,४०० आहे ना, एवढे आधी पाहावे.